स्क्रिप्टमध्ये जुनं गाणं, सिनेमाचा संवाद आणि बातम्यांचं फुटेज घ्यायचंय, कॉपीराइटचं काय?

नेत्रा
मंडळी, मदत हवीये. मैत्रिणीचं मराठवाड्यातल्या पाण्यावर यूट्यूब चॅनल आहे, तिच्यासाठी मी चार मिनिटांच्या व्हिडिओची स्क्रिप्ट लिहितेय. विषय २०१६ ची लातूरची पाण्याची रेल्वे, म्हणजे एप्रिलमध्ये मिरजेहून जी पहिली गाडी गेली, १० वाघिणी आणि ५ लाख लिटर पाणी. स्क्रिप्ट बरीच जमलीये पण तीन ठिकाणी अडलेय.
सुरुवातीला १९६० च्या एका मराठी सिनेमातल्या गाण्याचे वीस सेकंद घेतलेत, शब्द गदिमांचे, चाल बाबूजींची. सिनेमाला साठ वर्षं होऊन गेली म्हणजे ते आता मोकळं झालं असं मी धरून चाललेय.
मध्यावर नळाच्या रांगेचा भाग आहे, तिथे अलीकडच्या एका सिनेमातला भांडणाचा संवाद, बारा सेकंद, जरा हसू यावं म्हणून.
आणि शेवटाकडे गाडी लातूर स्टेशनात शिरते त्याचं एका न्यूज चॅनलचं फुटेज, पंधरा सेकंद.
चॅनलवर जाहिराती चालू नाहीत, एक रुपया मिळत नाही. तरी अडचण येईल का? शूटिंगच्या आधीच कळलं तर स्क्रिप्ट बदलता येईल.

रानवाट
दहा सेकंदांच्या आत ठेव सगळं. दहा सेकंदांपर्यंत चालतं. आणि खाली डिस्क्रिप्शनमध्ये क्रेडिट दे, नो कॉपीराइट इन्फ्रिंजमेंट इंटेंडेड लिही, झालं काम.

गोदाकाठ
मी तर तीस सेकंद ऐकलं होतं.

चकली
आमच्या ग्रुपवर सात सेकंद आहे. दर वर्षी कमी होत चाललंय बहुतेक, पुढच्या दिवाळीपर्यंत नुसता तबल्याचा ठेका उरेल :)

मधुरा ठाणे
नेत्रा, मी एका पोस्ट प्रॉडक्शन स्टुडिओत क्लिअरन्सचं काम करते, म्हणजे दिवसभर हीच पत्रं आणि हेच फोन. आधी सेकंदांचं बोलते कारण निम्मी गडबड तिथेच आहे.
आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात सात, दहा, तीस असा कुठलाच आकडा नाही. कलम ५२ मध्ये फेअर डीलिंग आहे आणि ते कशासाठी घेतलं यावर चालतं. खाजगी वापर किंवा अभ्यास, टीका किंवा परीक्षण, आणि चालू घडामोडींची बातमी, एवढीच दारं. यूट्यूबवर टाकलं की ते खाजगी राहत नाही, जाहिराती असोत नसोत. पैसे मिळत नाहीत हा मुद्दा कोर्टात थोडा उपयोगी पडेल पण त्यानं परवानगी मिळाली असं होत नाही. क्रेडिट देणं चांगलंच, पण त्याचाही परवानगीशी संबंध नाही. उलट दुसऱ्याचं आहे हे आपल्याला माहीत होतं एवढं त्यातून सिद्ध होतं.
आता गाणं. इथे तू एक वस्तू धरलीयेस आणि प्रत्यक्षात तीन आहेत. सिनेमा आणि ध्वनिमुद्रण यांना प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं, म्हणजे १९६० चं असेल तर २०२० अखेर संपलं, इथपर्यंत तुझं बरोबर. पण शब्द आणि चाल यांची साठ वर्षं कवी आणि संगीतकार गेल्यावर सुरू होतात. गदिमा १९७७ ला गेले, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ ला गेले, चाल २०६२ अखेरपर्यंत. त्यामुळे रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी त्याच्या पोटातले शब्द आणि चाल मोकळे नाहीत.

नेत्रा
बाप रे. २०६२. हे डोक्यातच आलं नव्हतं.

एडिटर सांगलीकर
मधुराताई म्हणतात ते बरोबरच आहे, त्यात आमच्या टेबलावरचं एक जोडतो. जुनं रेकॉर्डिंग मोकळं झालं तरी तुला जी फाइल मिळते ती बहुतेक वेळा कंपनीनं नंतर साफसूफ करून सीडीवर किंवा ऑनलाइन काढलेली असते आणि तीच कंटेंट आयडीमध्ये चढवलेली असते. यूट्यूबची मशीन कायद्याची वर्षं मोजत नाही, आवाज जुळला की क्लेम लावते. मग तू डिस्प्युट करायचा, समोरच्याला उत्तराला ३० दिवस, तोवर बस बघत.
आणि याचं शॉर्ट करणार असाल तर अजून एक. आता शॉर्ट तीन मिनिटांपर्यंत जातं पण एक मिनिटाच्या वरच्या शॉर्टवर कंटेंट आयडी क्लेम आला तर तो थेट ब्लॉक होतो. लांब व्हिडिओवर क्लेम आला तर बऱ्याचदा नुसतं उत्पन्न तिकडे जातं, व्हिडिओ चालू राहतो. इथे व्हिडिओच जातो. म्हणून मी लेखकांना सांगतो गाण्याची जागा कापता येईल अशी लिहा, वर निवेदन आणि खाली गाणं असं एकात एक मिसळलं की क्लेम आल्यावर ते वीस सेकंद काढताच येत नाहीत, सगळा मिक्स परत करावा लागतो आणि तोपर्यंत रेकॉर्डिंगवाला दुसऱ्या कामाला गेलेला असतो.

आबासाहेब
नमस्कार. माझ्या पुतण्याच्या लग्नाच्या व्हिडिओत वरातीची गाणी होती, तो फेसबुकवर टाकला तर आवाजच बंद करून टाकला त्यांनी. लग्नात गाणी लावायला कायद्यानं परवानगी आहे असं मी पेपरात वाचलं होतं. मग हे कसं?

मधुरा ठाणे
आबासाहेब, तुम्ही वाचलंत ते खरं आहे. लग्न, वरात, त्याला धरून होणारे समारंभ यात गाणं वाजवणं हे कलम ५२ मध्येच सूट म्हणून आहे. पण सूट वाजवण्याला आहे. त्याचा व्हिडिओ एडिट करून वर गाणं चढवून जगाला दाखवणं ही वेगळी गोष्ट झाली. शिवाय फेसबुकची मशीन लग्न आहे की बारसं ते बघत नाही.

आबासाहेब
बरं. म्हणजे वरातीत नाचायला हरकत नाही. धन्यवाद.

न्यूजर्सीकर
इथे अमेरिकेत फेअर यूज आहे आणि यूट्यूब अमेरिकन कंपनी आहे, त्यामुळे नेत्रानं फेअर यूज क्लेम करावा. त्यात चार गोष्टी बघतात, तुम्ही मूळ गोष्टीत काय नवीन केलं, किती घेतलं वगैरे. शैक्षणिक व्हिडिओ आहे, सहज बसेल.

मधुरा ठाणे
अर्धं पटतं. तक्रार, नोटीस, काउंटर नोटिफिकेशन हा यूट्यूबचा सगळा कारभार अमेरिकन कायद्याच्या साच्यातला आहे हे खरं. पण चॅनल मराठवाड्यातलं, मालक मुंबईचा, तर दावा इथल्या कोर्टात येणार आणि तिथे कलम ५२ लागणार. अमेरिकेत फेअर यूज हा मोकळा मापदंड आहे, आपल्याकडे आधी हेतू त्या ठरलेल्या दारांपैकी एकात बसावा लागतो, मग किती आणि कसं घेतलं ते बघतात. शैक्षणिक म्हणजे आपोआप सूट असं दोन्हीकडे नाही.

रानवाट
एवढं कोण बघतं हो. लाखो लोक रील बनवतात, कुणाला काही होत नाही.

एडिटर सांगलीकर
रानवाट, रीलमध्ये गाणं चालतं कारण इन्स्टाग्रामनं कंपन्यांशी करार केलाय आणि तू त्यांच्या लायब्ररीतून गाणं घेतोस. तेच रील डाउनलोड करून यूट्यूबवर टाकलं की तो करार मागे राहिला. बिझनेस अकाउंटला तीच लायब्ररी बरीचशी दिसतच नाही, कारण ती परवानगी व्यावसायिक वापरासाठी नाही. आमच्याकडे एका साडीच्या दुकानाचं काम आलं होतं, मालकांनी मुलीच्या पर्सनल अकाउंटवर रील बनवून घेतलं आणि तेच उचलून दुकानाच्या जाहिरातीला लावलं. कंपनीची नोटीस थेट दुकानावर.

गोदाकाठ
आता फुटेजचं बोला कुणीतरी, मला त्याचीच भीती वाटते. गेल्या वर्षी त्या न्यूज एजन्सीचं केवढं गाजलं.

मधुरा ठाणे
हो, एएनआय आणि यूट्यूबर मोहक मंगल. मे २०२५ मध्ये मंगल यांनी व्हिडिओ काढून सांगितलं की आपल्या मोठ्या व्हिडिओत एजन्सीच्या काही सेकंदांच्या क्लिप होत्या, त्यावर स्ट्राइक आले आणि ते मागे घ्यायला एजन्सीनं चाळीस लाखांच्या वर मागितले. हे त्यांचं म्हणणं. एजन्सीचं म्हणणं की आमच्या मालाचं रक्षण करणं हा आमचा कायदेशीर हक्क आहे, आणि त्या व्हिडिओवरून त्यांनी दिल्ली हायकोर्टात बदनामीचा दावा लावला. कोण बरोबर यावर मी इथे बोलत नाही. लेखकानं त्यातून एवढंच घ्यावं की बातम्यांच्या फुटेजवर बहुतेक वेळा माणूस बसून तक्रार करतो आणि ती तक्रार म्हणजे स्ट्राइक.
नेत्रा, तुझ्या फुटेजचं नीट बघू. कायद्यात चालू घडामोडींच्या वार्तांकनाला सूट आहे. २०१६ ची गाडी आज चालू घडामोड नाही, तो इतिहास झाला. ते दार बंद. दुसरं दार टीका आणि परीक्षण. तुझी स्क्रिप्ट त्या फुटेजवर काही बोलतेय का? म्हणजे चॅनलनं गाडी कशी दाखवली, काय दाखवलं नाही, कॅमेरा इंजिनावरच्या फुलांवर होता की रिकाम्या घागरींवर, असं काही?

नेत्रा
नाही. नुसतं "आणि गाडी आली" असं निवेदन आणि मागे फुटेज.

मधुरा ठाणे
मग ती सजावट झाली आणि सजावटीला सूट नाही. पाच सेकंद केलेस तरी नाही. तेच जर निवेदनात त्या दृश्याबद्दल वाक्य असतं आणि वाक्यापुरतंच फुटेज असतं तर तुझ्याकडे बोलायला जागा होती. मी लेखकांच्या स्क्रिप्टमध्ये हेच शोधते, क्लिप काढून टाकली तर निवेदनातलं वाक्य लंगडं पडतं का? पडत नसेल तर क्लिपची गरज दृश्याला आहे, मुद्द्याला नाही.

रानवाट
फुटेज आडवं उलटं करायचं, थोडं झूम करायचं, लोगो कापायचा. मशीनला कळत नाही.

एडिटर सांगलीकर
मशीनला कधी कळतं कधी नाही, माणसाला हमखास कळतं. उलटं केलं की गाडीवरची अक्षरंही उलटी दिसतात भाऊ.

मधुरा ठाणे
आणि लोगो कापणं सगळ्यात वाईट. मालकीची खूण जाणूनबुजून काढणं याला २०१२ पासून वेगळं कलम आहे, ६५ ब, दोन वर्षांपर्यंत शिक्षा आहे त्यात. शिवाय उद्या फेअर डीलिंग म्हणायची वेळ आली तर लपवलं कशाला हा पहिला प्रश्न येतो. कृपा करून हा सल्ला कुणी घेऊ नका.

गोदाकाठ
स्ट्राइक आला तर पुढे काय होतं?

एडिटर सांगलीकर
पहिल्या स्ट्राइकला यूट्यूबचा कॉपीराइटचा धडा बघून प्रश्नांची उत्तरं द्यायची, ९० दिवसांनी तो उतरतो. ९० दिवसांत तीन झाले तर चॅनल जातं, सगळे व्हिडिओ घेऊन. काउंटर नोटिफिकेशन देता येतं, ते गेलं की समोरच्याला १० कामाचे दिवस मिळतात, तेवढ्यात कोर्टात गेल्याचा पुरावा दिला नाही तर व्हिडिओ परत येऊ शकतो. पण त्यात आपलं खरं नाव आणि पत्ता समोरच्याकडे जातो, आणि खोटं लिहिलं तर अंगाशी येतं. ओळखीच्या एका मुलाच्या चॅनलवर एकाच एजन्सीच्या तीन क्लिप तीन वेगवेगळ्या जुन्या व्हिडिओत होत्या, तिन्ही तक्रारी एकाच आठवड्यात आल्या. म्हणून जुने व्हिडिओ पण तपासा म्हणतो मी.

चकली
संवादाचं राहिलं. माझ्या मते स्वतः म्हणायचा. सिनेमाचं ऑडिओ न घेता मैत्रीण आणि तू नळावर उभ्या राहून तोच डायलॉग मारा, जास्त हसू येईल.

एडिटर सांगलीकर
हे बेस्ट. स्वतःच्या तोंडून म्हटलेल्या संवादावर आजवर क्लेम आलेला मी पाहिला नाही.

मधुरा ठाणे
क्लेम न येणं आणि हक्क असणं वेगळं. संवाद हे साहित्य आहे, लिहिणाऱ्याचं किंवा निर्मात्याचं. पण इथे मी सांगलीकरांच्या बरीच जवळ आहे. २०१२ मध्ये दिल्ली हायकोर्टाच्या खंडपीठानं इंडिया टीव्ही आणि यशराजच्या प्रकरणात अशी भूमिका घेतली की गाण्याचा अगदी क्षुल्लक तुकडा असेल तर कोर्टानं त्यात पडू नये, नुकसान किती, हेतू काय वगैरे बघून. चार शब्दांचा तोंडपाठ झालेला संवाद मला त्यात बसेलसा वाटतो. बारा सेकंदांचं अख्खं भांडण बसेल का, शंका आहे.

गोदाकाठ
विडंबन केलं तर? संवाद बदलून, पाण्यावर आणून?

मधुरा ठाणे
विडंबनाला आपल्या कायद्यात वेगळं नाव नाही, ते टीकेच्या दारातून आत येतं. केरळ हायकोर्टाचा १९९६ चा निकाल आहे. तोप्पिल भासी यांच्या गाजलेल्या नाटकाला उत्तर म्हणून सिविक चंद्रन यांनी दुसरं नाटक लिहिलं, मूळ पात्रं, प्रसंग घेऊन. कोर्टानं बघितलं की किती घेतलं, कशासाठी घेतलं, आणि मूळ नाटकाचा प्रेक्षक हे खाईल का, आणि मग त्याला टीका मानलं. पण तिथे रोख मूळ नाटकावरच होता. नेत्राला त्या सिनेमावर काही म्हणायचं नाहीये, तिला पाण्यावर म्हणायचंय. म्हणून मी बदललेल्या संवादाला फार भक्कम म्हणणार नाही.

न्यूजर्सीकर
हे मला पटलं नाही. टीका मूळ कलाकृतीवरच हवी असं कुठे आहे? कलमात "त्या किंवा दुसऱ्या कलाकृतीची" असे शब्द आहेत ना?

मधुरा ठाणे
आहेत, आणि मुद्दा चांगला काढलात. पण पाणीटंचाई ही कलाकृती नाही. टंचाईवरच्या सरकारी जाहिरातीवर टीका करायला सिनेमाचा संवाद वापरला असता तर तुमचं वाचन लागू पडलं असतं. नुसत्या परिस्थितीवर कोट्या करायला दुसऱ्याचा संवाद, यावर दोन वकील दोन मतं देतील. आमच्या ऑफिसातही देतात.

न्यूजर्सीकर
मी अजूनही चालेल म्हणतो.

गोदाकाठ
नेत्रा, फुटेजसाठी मी एक सुचवते. मी लातूरचीच. तेव्हा स्टेशनावर कितीतरी लोकांनी मोबाइलवर शूटिंग केलं होतं. आमच्या गल्लीतल्या एका काकांकडे वाघिणीतून पाइपला पाणी लागतं तेवढाच तुकडा आहे, हलतोय, पण पाइपचा जोड गळतो आणि खाली लोक कळशी धरतात ते स्पष्ट दिसतं. विचारू का?

नेत्रा
विचार!! हे तर त्या चॅनलच्या फुटेजपेक्षा कितीतरी चांगलं. व्हॉट्सॲपवर हो म्हणाले तर पुरे ना?

मधुरा ठाणे
लेखी हो पाहिजे, ईमेल सगळ्यात बरी. पण नुसतं "वापरा" नको. कायद्यात असं आहे की परवानगीत मुदत लिहिली नाही तर पाच वर्षं धरतात, आणि प्रदेश लिहिला नाही तर फक्त भारत. यूट्यूब जगभर दिसतं आणि तुमचा व्हिडिओ पाच वर्षांनी काढणार आहात का? म्हणून कुठली क्लिप, किती सेकंद, कुठल्या चॅनलवर, जगभर, किती वर्षं, कापायला आणि आवाज बदलायला हरकत नाही, मानधन किती किंवा नाही, एवढं साध्या मराठीत लिहून घ्या. आणि हे काकांनी स्वतः काढलंय ना तेवढं विचारा. आपल्या मोबाइलमध्ये आहे म्हणून आपलं, असं खूप जण प्रामाणिकपणे समजतात.
दुसरं, मध्य रेल्वेच्या जनसंपर्क विभागाला मेल टाका, मिरज आणि लातूर दोन्ही त्यांच्याकडेच येतं. त्यांच्याकडे फोटो असतील तर वापराच्या अटीसकट मागा. सरकारी म्हणजे फुकट असं धरू नका, पण विचारलं तर मिळतं.
आणि आकड्यांवर कुणाचाच हक्क नाही. १० वाघिणी, ५ लाख लिटर, तारीख, मिरज, हे पेपरात वाचून स्वतःच्या शब्दांत बिनधास्त सांगा. बातमीतली वाक्यं मात्र उचलू नका.

आबासाहेब
गाण्याच्या जागी जुन्या कवींची कविता घ्या की. बालकवी १९१८ ला गेले. तांबे १९४१ ला.

मधुरा ठाणे
आबासाहेब, उत्तम. दोघांचेही शब्द कधीच मोकळे झालेत. फक्त स्वतः वाचायच्या. तांब्यांच्या कवितांची जी गाजलेली गाणी आहेत त्यांची चाल आणि रेकॉर्डिंग नंतरचं आहे, ते आलं की आपण परत पहिल्या मुक्कामावर.

चकली
किंवा जात्यावरची ओवी. पावसाच्या कितीतरी आहेत. आमच्या आजी अजून म्हणतात.

नेत्रा
चकली, हेच घेते. मैत्रिणीच्या सासूबाई म्हणतात, जातंही आहे घरात. म्हणजे सुरुवातीला जात्याची घरघर, वर ओवी, आणि त्यावर एकही निवेदन नाही, सांगलीकरांनी सांगितल्यासारखं सुटं ठेवते. संवादाच्या जागी रांगेतल्या बायकांचं खरं बोलणंच रेकॉर्ड करू म्हणतेय.
सासूबाईंकडून पण लेखी घ्यायचं का? घरच्याच आहेत.

मधुरा ठाणे
घ्या. ओवी कुणा एकाची नसली तरी म्हणणाऱ्या बाईंचा त्यांच्या गाण्यावर कलाकार म्हणून हक्क असतो, रेकॉर्डिंगनंतर पन्नास वर्षं. आणि त्यांचं नाव पडद्यावर यायलाच पाहिजे. रांगेतल्या बायकांनाही कॅमेऱ्यासमोर एकदा विचारून त्यांचं हो रेकॉर्ड करून ठेवा.

गोदाकाठ
काकांशी बोलले. क्लिप त्यांचीच आहे, देतो म्हणाले. पण तीत त्यांच्या मागे कुणाच्या तरी रेडिओवर सिनेमाचं गाणं लागलेलं ऐकू येतंय, आता याचं काय?

एडिटर सांगलीकर
मूळ आवाज पूर्ण बंद कर, पाण्याचा आवाज वेगळा रेकॉर्ड करून लाव. बादलीत नळ सोडून मोबाइलवर काढलास तरी चालतो.

रानवाट
रेडिओ तर मागे सहज वाजत होता, त्यालाही क्लेम?

मधुरा ठाणे
चित्रपटात पार्श्वभूमीला सहज आलेल्या गोष्टींना सूट आहे पण ती चित्रं, शिल्पं अशा कलाकृतींना, गाण्याला नाही. इतकं पुसट असेल तर कोर्ट क्षुल्लक म्हणेल कदाचित. मशीन म्हणेलच असं नाही. सांगलीकर सांगतात तसंच करा.